नवव्या पानाच्या सात ओळी

केशवरावांनी साकोलीतल्या करसल्लागाराकडे एकतीस वर्षं हिशेब लिहिले, आणि शिल्लक जुळल्याशिवाय कधी टेबल सोडलं नाही. त्या मंगळवारी मात्र सोडलं.

विणकर संस्थेचे सचिव भैय्याजी यांनी बँकेच्या खातेउताऱ्याची चौदा पानं मोबाइलवर फोटो काढून पाठवली होती. सरकारी मदतीसाठी त्यातल्या फक्त व्यवहाराच्या ओळी हव्या होत्या. संस्थेच्या खात्यातून वर्षात निदान सहा वेळा मजुरी मिळालेल्या विणकरालाच सूत मिळणार होतं. मुदत पाच वाजेपर्यंत.

फोटोंतला मजकूर संगणकानं ओळीओळीनं उतरवून दिला. दर पानाच्या माथ्यावर त्याच सात ओळी: बँक, शाखा, पत्ता, खातेदार, खाते क्रमांक, कालावधी आणि रकान्यांची नावं. तळाशी दोन: सूचना आणि पान क्रमांक. केशवरावांनी पानागणिक वरच्या सात, खालच्या दोन उडवल्या. यादी निवडलेल्या तांदळासारखी स्वच्छ झाली. एरवी ते मागची शिल्लक, रक्कम, पुढची शिल्लक असं ओळ न् ओळ ताडून पाहायचे. साडेचार होऊन गेले होते. त्यांनी यादी तशीच भंडाऱ्याच्या सरकारी कार्यालयात पाठवली.

पंधरा दिवसांनी एकोडीची विणकर रुखमा केशवरावांच्या कचेरीच्या दारात उभी राहिली.

"काकाजी, यादीत माझं नाव काहून नाही?"

"तुझी मजुरी पाचच डाव दिसते, बाई."

"पाच कायची? सहा डाव आली मले. दिवाळीच्या आधीची धरली का नाही?"

केशवरावांनी यादी उघडली. आठव्या पानाची शेवटची शिल्लक नवव्याच्या पहिल्या ओळीशी जुळेना. मूळ फोटो काढला, तर नवव्या पानाला माथाच नव्हता. त्यांनी भैय्याजींना फोन लावला.

"त्या पानाच्या डोक्यावर शाई सांडली होती, मंग दुमडून फोटो घेतला. नाव-गाव त सगळ्याच पानावर होतं ना! तुमचंच काम हलकं केलं म्हना."

म्हणजे नवव्या पानावरून उडवलेल्या सातही ओळी व्यवहाराच्या होत्या. तिसरी रुखमाची.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त यादी घेऊन ते भंडाऱ्याला गेले. साहेबांनी ती वाचलीसुद्धा नाही. "सूत वाटून झालं. आता एक ओळही वाढणार नाही."

"पुढच्या वर्षी?"

"योजना एवढ्याच वर्षाची होती."

परतताना ते एकोडीला उतरले. रुखमा अंगणात धान पाखडत होती.

"काय म्हनते मंग साहेब?"

"नाही म्हणतात. चूक माझी झाली, बाई. बिनपाहता ओळी उडवल्या."

सूप थांबलं. तिनं शिव्या द्याव्या म्हणून ते उभे राहिले.

"नागपूरले बहीण बोलावून राहिली धुणीभांडी कराले," ती म्हणाली. "सूत भेटन म्हणून नाही म्हटलं होतं तिले. आता सांगतो, येतो म्हणून."

केशवरावांनी खिशात हात घातला.

"पैसे नोका काढू काकाजी," रुखमा म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली. दार तिनं लोटून घेतलं.