रजिस्टरमध्ये नसलेले दोन बिघाड

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होते. आम्ही पाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचे कंट्रोल पॅनल बनवायचो. पॅनलमधल्या कंट्रोलरला प्रोग्रॅम लागतो आणि तो भरायला लॅपटॉप. आमच्या विभागात इंजिनिअर सहा आणि लॅपटॉप तीन. त्यातला एक माझ्या नावावर होता. तो खांद्याला लावून मी डोंबिवलीहून निघायचे, तेव्हा शेजारच्या काकू विचारायच्या, "आज शिवणयंत्र घेऊन कुठे?" वजन खरंच तसं होतं.

त्या वर्षी तो पहिल्यांदा बिघडला जानेवारीत. हार्ड डिस्कमधून टक् टक् आवाज यायला लागला आणि दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच होईना. आयटीला तेव्हा आमच्याकडे ईडीपी म्हणायचे. त्यांच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. नियम असा, की तक्रार रजिस्टरमध्ये लिहायची, कॉल नंबर घ्यायचा, मग मशीन देखभालीचं कंत्राट असलेल्या कंपनीकडे जाणार. तिथून यायला आठ-दहा दिवस, आणि तेवढ्या दिवसांसाठी दुसरं मशीन मिळत नसे.

ईडीपीत एक इंजिनिअर होता. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. वडील अजून होडी घेऊन जायचे, घरात नोकरीला लागलेला हा पहिलाच. तो म्हणाला, "ताई, रजिस्टरमध्ये लिहिलंत तर दहा दिवस गेले समजा. जेवणाच्या सुट्टीत या." भंगारात काढलेल्या एका लॅपटॉपची डिस्क त्याने माझ्या मशीनमध्ये बसवली. डबा न खाता.

जूनमध्ये झाकण उघडलं की पडदा काळा व्हायला लागला. बिजागरीतून जाणारी केबल सैल झाली होती. तीही त्यानेच सुट्टीत बसवून दिली. दोन्ही वेळा मी त्याला नुसतं थँक्यू म्हटलं आणि कामाला लागले. कुठेही काही लिहिलं नाही.

तिसरा बिघाड झाला सप्टेंबरमध्ये, कल्याणच्या एका हॉस्पिटलात. डायलिसिसला लागणारं पाणी शुद्ध करणारा प्लांट सकाळी बंद पडला होता. कंट्रोलरची आतली बॅटरी संपून प्रोग्रॅम उडाला होता. नवी बॅटरी टाकायची, लॅपटॉप जोडायचा, प्रोग्रॅम भरायचा, अर्ध्या तासाचं काम. मी बॅटरी टाकली, केबल जोडली, लॅपटॉप सुरू केला. हिरवा दिवा लागला, पंखा फिरला, पडदा मात्र काळाच. झाकण दहा वेळा उघडून मिटून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

तिथला टेक्निशियन म्हणाला, "मॅडम, हाताने चालवू का प्लांट?"

"नको. पाण्यातले क्षार वाढले तर अलार्म याच कंट्रोलरमधून येतो. तो बंद असताना ते पाणी पेशंटला देता येणार नाही."

बाहेरच्या बाकावर चार पेशंट बसले होते. त्यातले एक निवृत्त शिक्षक. पाय इतके सुजलेले की चपलेचा पट्टा मागे दुमडून ठेवलेला. त्यांच्या मुलीने मला विचारलं, "किती वेळ लागेल?" मी म्हटलं, "ठाण्याहून दुसरं मशीन आणते."

जाऊन येऊन साडेतीन तास लागले. तोवर दोघांना दुसऱ्या हॉस्पिटलात हलवलं होतं. शिक्षक थांबले होते, पण त्यांना धाप लागली होती आणि नाकाला ऑक्सिजनची नळी होती. सहकाऱ्याकडून आणलेल्या मशीनवरून मी प्रोग्रॅम भरला. पाण्याची चाचणी होऊन दुपारी त्यांचं डायलिसिस सुरू झालं. संध्याकाळी ते बरे आहेत असं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ईडीपीच्या प्रमुखांना इंटरनल मेल केला. रागातच लिहिला. 'या वर्षात हा लॅपटॉप तीन वेळा बंद पडला आहे. काल एका हॉस्पिटलचं काम अडलं. कृपया ताबडतोब बदलून द्यावा.' तासाभरात उत्तर आलं. 'आपल्या मशीनच्या नावे यंदा रजिस्टरमध्ये एकही तक्रार नाही. कालचा बिघाड नोंदवून घेत आहोत. आधीच्या दोन तक्रारींचे कॉल नंबर कळवावेत.'

मी तो मेल वाचत बसून राहिले. कॉल नंबर नव्हतेच. खरं सांगितलं, तर ईडीपीतल्या त्या मुलाचं नाव येणार होतं. कंत्राटातलं मशीन परवानगीशिवाय उघडणं ही मोठी चूक होती. आणि खरं न सांगावं, तर तेच मशीन दुरुस्त होऊन पुन्हा माझ्याच हातात येणार, पुन्हा कुठल्यातरी हॉस्पिटलात.

मी त्याला कॅन्टीनबाहेर गाठलं. सगळं सांगितलं.

 तो म्हणाला, "लिहा ताई. माझं नाव घाला."

"तुला त्रास होईल रे."

"होईल. पण दोनदा बिघडलं ते बिघडलंच ना? तुम्ही नाही लिहिलं तरी मशीन उघडल्यावर कंत्राटवाल्यांना कळणारच. डिस्क वेगळी आहे."

दुसरा मेल लिहायला मला अख्खी दुपार लागली. मशीनचा नोंदणी क्रमांक, तिन्ही तारखा, प्रत्येक वेळी काय झालं, काय बदललं. पहिल्या दोन वेळा कोणी दुरुस्त केलं तेही, आणि त्यापुढे 'माझ्या विनंतीवरून' हे शब्द. नोंद का केली नाही याचं कारण. हॉस्पिटलात काय झालं ते एका वाक्यात, विशेषण न लावता. शेवटी मागणी: मशीन बदलून मिळावं, ते येईपर्यंत पर्यायी लॅपटॉप मिळावा आणि बंद पडलेल्या मशीनच्या डिस्कवरचे ग्राहकांचे प्रोग्रॅम काढून द्यावेत. माझ्या साहेबांची मंजुरी घेतली आणि पाठवला.

प्रमुखांनी आम्हा दोघांना बोलावलं. पुण्याकडचे गृहस्थ, आवाज कधी चढवायचे नाहीत. छापलेला मेल समोर ठेवून म्हणाले, "जुलैमध्ये कुठली मशीन बदलायची याची यादी मी केली. रजिस्टर बघून केली. तुमचं मशीन त्यात सर्वांत निरोगी होतं. बाई, तुम्ही दोघांनी मिळून ते निरोगी ठेवलंत, कागदावर."

मी म्हटलं, "सर, चूक माझी आहे. मीच मागितलं होतं."

"मागणाऱ्याची चूक आहेच," ते म्हणाले. "पण उघडणाऱ्याने नाही म्हणायला हवं होतं."

कंत्राटी कंपनीने सांगितलं की मदरबोर्ड गेला आहे, आणि आधी कोणीतरी मशीन उघडल्यामुळे ते फुकट बदलणार नाहीत. तेव्हा दुरुस्ती नाकारून नवं मशीन मंजूर झालं. ते यायला पाच आठवडे लागले. तोवर ईडीपीने त्यांच्या खोलीतला एक लॅपटॉप मला वापरायला दिला. पुढे अशा कामासाठी एक जादा मशीन कायम कपाटात ठेवायचं असंही ठरलं.

त्याला लेखी मेमो मिळाला. मला साहेबांनी तोंडी समज दिली, तेवढंच. हा फरक मला आजही पटलेला नाही. त्या वर्षी त्याची बढती हुकली. मी पर्सोनेल विभागात जाऊन बोलले, एक पत्रही दिलं. त्यांनी ते फाइलला लावलं, पण मेमो काही काढला नाही.

एकदा धीर करून मी त्याला विचारलं, "रागावलास का माझ्यावर?"

"नाही ताई," तो म्हणाला. "पण घरी सांगताना जड गेलं. बाबांना मेमो म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं."

आमचं बोलणं बंद झालं नाही. पण जेवणाच्या सुट्टीत तो पुन्हा कुणाच्या मशीनला हात लावताना दिसला नाही. मी दारात दिसले की तो खुर्चीवरून न उठता, अगदी सौम्यपणे रजिस्टर माझ्याकडे सरकवायचा.