आबांची सहा मात्रांची चाल

आबांचं बोलणं पक्षाघातानं गेलं, गुणगुणणं तेवढं राहिलं. दिवसभर एकच चाल. मला बघितलं की जास्तच. काहीतरी मागत होते, आणि कळत नाही म्हणून माझ्यावरच खेकसत होते. बारा वर्षांनी साताऱ्याहून सेवेला आलेल्या लेकीचं स्वागत हे असं!

आई म्हणायची ते भजन असेल म्हणून लावलं, तर भिंतीकडे तोंड फिरवलं. मोबाइलला गुणगुणून दाखवलं, त्यानं भलतंच गाणं काढलं. शेवटी विट्यात बँडवाल्याच्या दुकानात गेले. म्हातारा क्लॅरिनेट पुसत बसला होता.

"म्हन बघू," तो म्हणाला. मी गुणगुणले.

"भजन वाटतंय खरं, पर बसंना. ताल कसा धरत्यात वडील?"

मी आठवलं. चांगल्या हाताची बोटं चादरीवर आपटतात. तीन, थांबून परत तीन.

"आगं मग ही सहाची चाल हाय! तू चारात कोंबतीयास. मोबाइल तरी काय करंल बिचारा? आता टाळी दे आन् म्हन."

टाळी देऊन म्हटलं, तशी ओळ सैल झाली. त्यानं क्लॅरिनेटवर धरली, दुसऱ्या सुरालाच अडला.

"हितनं सुरू न्हाई हुत. ह्यो अंतरा हाय. मुखडा गेलाय."

"लावणी असेल का, काका?"

"छ्या! लावनी अशी खाली उतरत न्हाई. ही रडवायला केलेली चाल." अंतऱ्याचा शेवटचा सूर त्यानं धरून ठेवला, तिथून मागं मुखड्यावर यायची वाट चाचपडत राहिला. आणि एकदम आख्खी चाल वाजली.

"आमच्या वस्तादांची हाय ही. पाठवनीची. बाकी कुठं घावायची न्हाई. तू कुनाची गं?"

घर सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"तुझा बाप तीन दिस हितं बसून ऐकत हुता. लेकीला हीच वाजवा म्हनला. आन् मग तू..."

"पळून गेले," मीच म्हटलं. लाज वाटली, आणि रागही आला. ठरलेलं लग्न मोडून दुसऱ्या जातीत गेले म्हणून माझं तोंडही न बघणारा माणूस माझ्यासाठी चाली निवडत फिरला होता, हे मला कुणी सांगायचं होतं?

चाल मोबाइलवर भरून घेतली. घरी येऊन आबांच्या उशाशी लावली. वाटलं, आता डोक्यावर हात ठेवतील. कसलं काय! ते शेवटपर्यंत ऐकत राहिले, बोटं चादरीवर चालू. चाल संपली तसा त्यांनी चांगला हात उचलला आणि मला दार दाखवलं.

मी विचारलं, "जाऊ? सासरी?"

त्यांनी मान डोलावली. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं म्हणणं मला नीट कळलं होतं.