बाळंतपणाचे केस, तापाचे केस

माझ्या नातीचं अंगावरचं दूध ती साडेतीन महिन्यांची असताना तुटणार होतं, आणि तेही तिच्या आईच्या केसांपायी. ते तुटलं नाही, याचे उपकार मी दोन बायांचे मानते. एक सरकारी नर्स, आणि दुसरी दारोदार फिरून केसांवर भांडी देणारी.

ते वर्ष असं होतं. गणपतीच्या दिवसांत मला डेंगी झाला. मुरबाडच्या दवाखान्यात पाच दिवस सलाईन लावलं. घरी आले तेव्हा भिंतीला धरून न्हाणीत जात होते. त्याच आठवड्यात सून तिच्या माहेरी, धसईला बाळंत झाली. मुलगी झाली. मला बघायला जाता आलं नाही. मुलगा शहापूरला दुकानात कामाला आहे, तो सुट्टी काढून गेला आणि मोबाईलवर फोटो दाखवला. मी म्हटलं, नाक आपलं आहे. एवढीच माझी शक्ती होती.

सून अडीच महिन्यांनी आमच्याकडे आली. गरोदर असताना तिचे केस फार दाट झाले होते. वेणी मुठीत मावत नसे. गावातल्या बायका विचारायच्या, काय लावतेस? ती काहीच लावत नव्हती. आल्यावर पंधरा दिवस बरे गेले. मग एका सकाळी न्हाऊन ती बाहेर आली ती हातात केसांचा झुबका घेऊन. उजेडात धरून नुसती बघत राहिली.

त्या दिवसापासून घरात केसच केस. न्हाणीच्या मोरीत, उशीवर, भाकरीच्या पिठात. एकदा बाळ सारखं रडत होतं, पोट दुखतंय म्हणून आम्ही ओव्याच्या पुरचुंडीनं शेकलं. पायमोजा काढून बघते तर पायाच्या करंगळीला आईचा केस घट्ट गुंडाळलेला, बोट लाल झालेलं. चष्मा लावून सुईच्या टोकानं तो सोडवला. तेव्हापासून बाळाची बोटं रोज बघायची असं मी ठरवलं. सून मात्र त्या दिवशी बाळापेक्षा जास्त रडली.

मी तिला बोलायचे. शाम्पू सोड, तेल लाव, रात्रीची जागू नकोस. तान्ह्या बाळाची आई रात्री जागणार नाही तर काय करणार, हे मला कळत होतं, तरी बोलायचे. त्याला कारण होतं. माझेही केस तसेच जात होते.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. माझा अंबाडा लिंबाएवढा झाला होता. डोक्यावरून पदर मी पूर्वी देवळात जाताना तेवढा घ्यायचे, आता घरातही घेऊ लागले. मला वाटायचं तापानं आतून काहीतरी खाल्लंय आणि आता ते एकेक करून बाहेर पडतंय. आमच्या सासूबाई वारल्या, त्याच्या आधीच्या वर्षी त्यांचे केस असेच विरळ झाले होते. म्हणून मी विंचरून झालं की केसांचा गोळा करून गुपचूप त्या पिशवीत टाकायचे, जिच्यात सून तिचे टाकायची. आमच्याकडे गळलेले केस फेकत नाहीत. केसवाली आली की ते देऊन वाटी, चमचा, काहीतरी घ्यायचं. खुंटीवरची ती पिशवी पूर्वी भरायला वर्ष लागायचं. या वेळी पंधरा दिवसांत फुगली.

एक दिवस विहीणबाई आल्या. पिशवीतून दुधाची बाटली काढली आणि पावडरीचा डबा. म्हणाल्या, "पोरीचं डोकं बघवत नाय. पाजून पाजून सगळा कस गेला तिचा. आता वरचं दूध द्या."

मी म्हटलं, "साडेतीन महिन्यांचं पोर हाय."

"आमची पोर पण पोरच हाय. बाळ आईला ओळखायला लागलं की केस ओढून घेतं, हे तुमाला ठाव नाय?"

"मी पण पाजलंय. दोघांना."

"तुमचा काळ वेगळा. आणि एक सांगू का, रागावू नका. ती तुमची फणी वापरते. तुमची तापाची फणी."

हे मला लागलं, कारण त्यात थोडं खरं असेल असं मलाही वाटत होतं. मी सुनेकडे बघितलं. ती मान खाली घालून मला म्हणाली, "आई, मला टक्कल पडंल. आजपासून वरचं देते."

दूध तिचं, मी काय बोलणार. बाटली उकळायला ठेवायला ती उठली. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "केसांवर भांडीऽ."

केसवाली आमच्याकडे बऱ्याच वर्षांपासून येते. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्याला झोळी. पायरीवर बसून तिनं पिशवी उपडी केली, तेव्हा विहीणबाईही बघायला आल्या. तिनं गोळा बोटांनी उकलला, दोन-चार केस उन्हात धरले.

"घरात बाळंतीण हाय," ती म्हणाली.

"कशावरनं?" विहीणबाईंनी विचारलं.

"टोकाला पांढरं बी बघा. तुटलेला केस नाय, आपसूक सुटलेला. आणि एवढे एकदम. बाळंतिणीच्या घरून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात असाच माल मिळतो. मग कमी होतो. बाळ चालायला लागलं की त्या घरून काय मिळत नाय, मग मी तिकडं जात पण नाय." मग तिनं दुसरा गोळा उकलला आणि थांबली. "हे पांढरे कोणाचे?"

मी पदर पुढं ओढला. तिनं माझ्याकडे बघितलं.

"आजे, तुझे काय? मोठा ताप आलता का?"

सून म्हणाली, "डेंगी झालता. गणपतीत."

"मग बरोबर. तापाचा माल पण असाच येतो, तीन महिन्यांनी. सारखंच बी." तिनं काळे एका बाजूला, पांढरे एका बाजूला ठेवले. दोन ढीग. माझा ढीग सुनेच्या ढिगापेक्षा फार लहान नव्हता.

मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. मी पदर काढला, अंबाडा सोडला आणि विहीणबाईंसमोर बसले. भांगाची रेघ दोन बोटं रुंद झाली होती. कानांच्या वर तर चामडी दिसत होती.

"बघा," मी म्हटलं. "आता सांगा, मी कोणाला पाजते?"

विहीणबाई बघत राहिल्या. मग केसवाली हसली, सून हसली, आणि शेवटी विहीणबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. पण डबा त्यांनी परत पिशवीत टाकला नाही. त्या म्हणाल्या, "फणीचं काय मग?"

"फणीनं मला ताप दिला का?" मी म्हटलं. "गुरुवारी बाळाच्या लसीच्या सुईचा दिवस हाय. सिस्टरला विचारू. तोवर डबा फोडायचा नाय. ती म्हणाली फोडा, तर मी स्वतः पाणी उकळते."

सून म्हणाली, "चालंल." केसवालीनं आम्हाला एक स्टीलची वाटी दिली आणि पुढं गेली.

विहीणबाई तोवर राहिल्या. गुरुवारी बाळाला घेऊन आम्ही तिघी सरकारी उपकेंद्रात गेलो. सिस्टरनं आधी बाळाचं वजन केलं. ते चांगलं वाढलं होतं. सुई दिली. मग मी म्हटलं, आता आमची डोकी बघा. तिनं सुनेचा भांग जागोजागी पाडून बघितला, हलकेच एक बट ओढली, सहा-सात केस हातात आले. माझ्या डोक्याचंही तसंच. कुठं गोल चट्टा नाही, खपली नाही, खाज नाही, असं तिनं विचारून आणि बघून घेतलं.

मग ती साध्या भाषेत बोलली. केस काही वर्षं वाढतो, मग थोडे महिने विसावतो, मग गळतो, आणि त्याच जागी नवा येतो. एरवी सगळे केस आळीपाळीनं विसावतात म्हणून आपल्याला कळत नाही. मोठा ताप आला की शरीर घाबरतं आणि बरेच केस एकदम विसाव्याला जातात. बाळंतपणाचं थोडं वेगळं. पोट असताना गळायचे केसही थांबून राहतात, म्हणून वेणी जाड दिसते. बाळ झालं की ते सगळे एकदम विसाव्याला जातात. विसावलेला केस लगेच पडत नाही, दोन-तीन महिने टिकून राहतो. "म्हणून ताप गेला तरी केस आज गळतायत," ती म्हणाली. "मूळ मेलेलं नाय. तेल, फणी, शाम्पू, दूध, कोणाचाच दोष नाय."

विहीणबाईंनी विचारलं, "म्हणजे दूध तोडलं तरी केस थांबणार नाय?"

"नाय थांबणार. पोराचं नुकसान होईल तेवढं. सहा महिने फक्त अंगावरचं, मग वरचं खाणं आणि दूध दोन्ही."

तिनं बोट टोचून दोघींचं रक्त तपासलं. माझं बरं होतं, सुनेचं कमी निघालं. "लोहाच्या गोळ्या घेतेस?" सिस्टरनं विचारलं. गोळ्या धसईलाच कपाटात राहिल्या होत्या, खाल्ल्या की मळमळतं म्हणून. सिस्टर रागावली, पण थोडंच. जेवणानंतर घे, चहाबरोबर घेऊ नको म्हणाली, नव्या गोळ्या दिल्या. सहा-आठ महिन्यांनीही गळायचं थांबलं नाही, किंवा चट्टे पडले, तर मुरबाडला जाऊन थायरॉईडची तपासणी करा म्हणाली.

परत येताना विहीणबाई एसटीत माझ्या शेजारी बसल्या. डबा त्यांच्या मांडीवर होता. म्हणाल्या, "मी आईच्या मायेनं बोलले हो." मी म्हटलं, मला ठाऊक आहे. त्यांची चूक मानायला मी तयार नव्हते आणि आजही नाही. पोर रडली तर आईनं बाटली घेऊन यायचं नाही तर काय करायचं.

गळायचं लगेच थांबलं नाही. पुढच्या तीन महिन्यांत सुनेच्या वेणीचं शेपूट झालं. काही दिवस ती आरशाकडे पाठ करून विंचरायची. पण गोळ्या घेतल्या आणि पाजलं. रोज, न चुकता. नाचणीची भाकरी, मेथी, डाळ, कधी अंडं, जे होतं ते खाल्लं. माझे केस तिच्या आधी थांबले. होळीच्या सुमारास मला कपाळाजवळ काहीतरी टोचल्यासारखं लागलं. सुनेला म्हटलं, बघ गं. ती म्हणाली, "आई, राबात भाताचं आवण उगवतं ना तसं झालंय." बोटभर ताठ, पांढरे केस, सगळीकडे. दीड-दोन महिन्यांनी तिच्याही कपाळावर तसंच आलं, काळं. भांग पाडला की ते केस उभे राहायचे, तेल लावून चापले तरी बसत नसत. तिला त्याची लाज वाटायची. मी म्हटलं, मिरव.

नात वर्षाची झाली तेव्हा सुनेची वेणी पहिल्यासारखी जाड नसली तरी वेणी होती. माझा अंबाडा पूर्वीएवढा नाही, वयानं जायचं ते जाणारच. पण डोकं झाकून बसायची वेळ गेली.

नातीचं दूध दीड वर्ष चाललं. तिचं तिनंच सोडलं, एका दुपारी आईला ढकलून वरण-भाताच्या ताटलीकडे गेली ती गेलीच. आईला वाईट वाटलं. मला वाटलं, पोट भरलं पोरीचं.