‘इतर’ नावाचा गट

तळोद्याच्या कार्यालयात मी वसतिगृहांच्या चॅटबॉटचं काम करत होतो. मुलांनी विचारलेले हजारो प्रश्न साठले होते. बॉटला कोणते विषय शिकवायचे, ते त्यातून शोधायचं होतं. संगणकातलं भाषेचं मॉडेल प्रत्येक प्रश्नाचं आकड्यांच्या रांगेत रूपांतर करायचं आणि अर्थाने जवळचे प्रश्न एका गटात पडायचे. प्रवेश, दाखले, शिष्यवृत्ती हे गट लगेच ओळखू आले.

एक गट मात्र खिचडी होता. मी त्याला ‘इतर’ म्हटलं.

“वगळ तो,” कामावर देखरेख करणाऱ्या मॅडम फोनवर म्हणाल्या.

वगळण्याआधी मी तो वाचला. सगळे प्रश्न अहिराणीत होते. मॉडेलला अहिराणी जेमतेम येत असल्याने त्याने विषय सोडून भाषेवरूनच गट केला होता. मी ते प्रश्न मराठीत लिहून पुन्हा गट पाडले. बरेचसे आपापल्या विषयात गेले, उरलेल्यांचा नवा गट झाला: ‘मी घर कव्हय जासू?’, ‘माय भेटाले कव्हय येई?’

“सुट्ट्यांची यादी भिंतीवर असते ना रे?”

“असते, मॅडम. आईने कधी यायचं, ते नसतं.”

“घाल मग,” त्या म्हणाल्या.

उत्तर घातल्यावर पहिला प्रश्न मीच विचारला. बॉट म्हणाला, पालकांची भेट रविवारी.

ज्या वसतिगृहामुळे मी घरातला पहिला पदवीधर झालो, तिथे माझी माय एकदा खांडबाऱ्याहून बुधवारी आली होती. मी वर्गात होतो. भाकरी फाटकावर ठेवून ती परत गेली.