शंकाताईंचं कबुलीपत्र

सव्वीस वर्षं रुग्णालयातला वॉर्ड सांभाळून झाल्यावर, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी सिस्टरबाईंनी संध्याकाळच्या पदवीवर्गात नाव घातलं. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय औषधाचा चमचा न भरणारी बाई. अभ्यासक्रमाची नियमपत्रिकाही त्यांनी तशीच वाचली आणि दुसऱ्याच तासाला हात वर केला. 'शंकाताई' हे नाव तिथंच पडलं.

"सर, 'एआयची मर्यादित मदत चालेल' असं लिहिलंय. मर्यादित म्हणजे किती?"

समाजशास्त्राच्या सरांनी ती पत्रिका पहिल्यांदाच पाहावी तशी पाहिली. "विषय सुचवून घ्या, आराखडा करून घ्या, व्याकरण तपासून घ्या. पण लेख तुम्हीच लिहायचा. आणि काय मदत घेतली, ते शेवटी नोंदवायचं."

"भाषेच्या पेपरलाही असंच?"

"ते त्या मॅडमना विचारा."

मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडे गुणच व्याकरणाचे आहेत. ते यंत्रानं तपासलं, तर मी कुणाला तपासू? अजिबात चालणार नाही."

ताईंना पटलं. एका रुग्णाला दोन डॉक्टरांची दोन पथ्यं, त्यात नवल ते काय!

समाजशास्त्रासाठी त्यांनी वॉर्डातल्या भेटीच्या वेळांवर लिहिलं. यंत्रानं सुचवलेल्या पाच मुद्द्यांतले दोन खोडले. "फक्त चुका दाखव, वाक्य बदलू नकोस," असं बजावूनही त्यानं वाक्यांना हात लावलाच. 'नातेवाईक रुग्णाकडे नाही, सलाईनकडे बघत बसतात' याचं झालं 'आप्तेष्टांची भेट ही एक बहुआयामी भावनिक प्रक्रिया होय'. ताईंनी शुद्धलेखन तेवढं घेतलं, वाक्य आपलंच ठेवलं आणि हे सारं शेवटी लिहून दिलं.

आठवड्यानं चौकशी समितीचं बोलावणं आलं. बेचाळीस जणांच्या वर्गात एकट्या त्यांनाच.

"तुम्ही एआय वापरलंत, असा पुरावा आहे," अध्यक्ष म्हणाले.

"कुठला?"

"तुम्हीच लिहून दिलाय."

बाकी एक्केचाळीस जणांनी 'कसलीही मदत घेतली नाही' असं लिहिलं होतं. त्यांतल्या एकोणीस लेखांची सुरुवात 'आजच्या गतिमान युगात' अशी होती, पण त्यांच्याविरुद्ध पुरावा नव्हता.

ताईंनी हातानं लिहिलेले तीन कच्चे खर्डे आणि यंत्राशी झालेल्या संभाषणाचे छापील कागद टेबलावर ठेवले. समितीनं तासभर ते उलटेपालटे केले. शेवटी समितीत बसलेले समाजशास्त्राचे सरच घसा खाकरून म्हणाले, "नियमात बसतंय. मीच सांगितलं होतं."

बाहेर, वर्गात शेजारच्या बाकावर बसणारा विमा एजंट वाटच पाहत होता. "ताई, पुढच्या वेळी तुमची ती नोंद द्या ना, तशीच खाली डकवतो."

"दुसऱ्याच्या केसपेपरवर आपला ताप लिहितात का?" ताई म्हणाल्या. "तुम्ही काय केलंत, ते तुम्हीच लिहा."

भाषेच्या पेपरात त्यांना वीसपैकी अकरा मिळाले. लाल शाईनं कागद गोवर आल्यासारखा दिसत होता. ताईंनी एकेक चूक निगुतीनं वहीत उतरवून घेतली आणि मॅडमच्या पुढच्या तासाला हात वर केला.