‘सकाळी लवकर या’ असं मी लिहिलं होतं

अन्याय झाला तो मोहगावच्या पुढच्या एका खेड्यातल्या कापूस वेचणाऱ्या बाईवर. धनतेरसच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, सकाळी साडेदहा ते दुपारी दोन. जागा पांढुर्ण्यातलं एक सोन्याचांदीचं दुकान, काउंटरसमोरचा लाल गादीचा बाक. करणारा मी. शेठचा वाटा होता, सोनं तपासणाऱ्या टंचवाल्याचाही थोडा होता. पण ज्या ओळीनं तिला घरातून उठवून तिथं आणलं ती ओळ माझी होती.

मी सौंसरचा. संत्रा तोडणाऱ्या मजुरांच्या मजुरीसाठी आम्ही चारपाच जण पत्रकं काढत होतो, त्यातली बहुतेक मीच लिहिली. पत्रक लिहिताना एक गोष्ट हाताला लागते. माणसाला घराबाहेर काढायचं तर त्याला विचार करायला वेळ द्यायचा नाही. ‘आज’, ‘आत्ता’, ‘उद्या उशीर झालेला असेल’. असं लिहिलं की लोक येतात. आमच्या सभेला यायचे. भाषणवाला दीड तास उशिरा आला तरी बसून राहायचे, आणि आम्ही त्याला लोकांचा निर्धार म्हणायचो.

पत्रकांनी पोट भरत नाही. एका ओळखीच्यानं मला त्या शेठकडे नेलं. शेठनं माझं एक पत्रक वाचलं होतं, बहुधा माल गुंडाळून आलेल्या कागदावर. म्हणाला, ‘तू लोकायले रस्त्यावर आणतं, तसंच माह्या दुकानात आण.’ आणि हसला. मीही हसलो. दिवाळीपुरतं काम होतं: दुकानाच्या मोबाइलवरून गिऱ्हाइकांना मेसेज पाठवायचे.

हे काम कसं चालतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मोबाइलमध्ये गिऱ्हाइकांच्या याद्या करायच्या. एका यादीत अडीचशेच्या आसपास नंबर मावतात, म्हणून आमच्या सहा याद्या होत्या. एकदा मेसेज टाकला की यादीतल्या प्रत्येकाला तो वेगळा जातो, जणू त्याच्या एकट्यासाठीच लिहिलाय. पण ज्यानं दुकानाचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये साठवलेला नाही, त्याच्याकडे तो पोचतच नाही. हे शेठला पक्कं माहीत होतं. म्हणून बिल करतानाच काउंटरवरची ताई गिऱ्हाइकाच्या हातून नंबर साठवून घ्यायची. जे राहिले त्यांच्यासाठी मेसेजच्या शेवटी ‘नातेवाइकांना पाठवा’ अशी ओळ.

योजना खरी होती, एवढं शेठच्या बाजूनं सांगायला हवं. जुनं सोनं दिलं की सराफ त्यावर घट धरतो, म्हणजे वजनातून थोडं कापतो. मंगळवारी शेठ ती घट धरणार नव्हता. दुपारी दोनपर्यंतच, आणि तेही खोटं नव्हतं. गोळा झालेलं जुनं सोनं गाळायला नागपूरला जातं आणि त्याचा माणूस अडीचच्या सुमारास निघतो. माणूस निघाला की त्या दिवसाचा हिशेब बंद.

मी लिहिलं: ‘फक्त मंगळवार! जुन्या सोन्यावर घट नाही! दुपारी दोननंतर ही संधी गेली ती गेली. सकाळी लवकर या, गर्दी टाळा. नातेवाइकांना पाठवा.’

शेठनं वाचलं, खूश झाला. ताईनं वाचलं आणि विचारलं, ‘सकाळी येऊन काय करतीन?’ मी म्हटलं, गर्दी विभागली जाईल. सोळा वर्षं त्या काउंटरवर उभ्या असलेल्या बाईनं प्रश्न विचारला तर त्याचं उत्तर शोधायचं असतं. मी पाठवायचं बटण दाबलं.

तिला जे माहीत होतं ते असं. जुन्या सोन्याचा टंच काढल्याशिवाय, म्हणजे ते किती शुद्ध आहे हे तपासल्याशिवाय, कोणताही सराफ त्याला हात लावत नाही. टंच काढणारा माणूस चार दुकानं मिळून एक. तो आमच्याकडे दुपारी एकला येतो. तासाभरात त्याच्या हातून बारापंधरा जणांचं सोनं होतं, जास्त नाही. आणि नेहमीची गिऱ्हाइकं सकाळी फोन करून ताईकडे नंबर लावून ठेवतात, पावणेएकला येतात, गाडी दारासमोर उभी करतात आणि दीडला मोकळी होतात. ही पद्धत कुठं लिहिलेली नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

बाई त्यातली नव्हती. दुकानाच्या यादीतही नव्हती. सौंसरला दिलेल्या तिच्या भाचीला मेसेज आला होता, तिनं तो पुढं पाठवला. बाईनं त्या दिवशीची वेचणी सोडली, दोन गाड्या बदलल्या आणि साडेदहाला हजर झाली. सोबत रुमालात कानातल्या बिऱ्या होत्या, तिच्या सासूच्या. त्या देऊन मुलीसाठी डोरलं करायचं होतं. लग्न दिवाळीनंतर दुसऱ्या आठवड्यात ठरलेलं. घट धरली तर त्या बिऱ्यांत डोरलं बसत नव्हतं. हा हिशेब तिनं घरीच गावातल्या एकाकडून मांडून आणला होता, आणि बसल्याबसल्या ताईला सांगितलाही.

त्या दिवशी मी दुकानातच होतो, याद्या तपासत. तिला पाणी दिलं. टंचवाला एकला येईल, असं ताईनं तिला सांगितलं. बाई म्हणाली, बसते. तिला नंबर द्यायला हवा हे ताईच्या मनात आलं नाही. फोनवरचे नंबर ती वहीत लिहीत होती. जी समोर बसली आहे तिला कशाचा नंबर? माझ्या तर डोक्यातच काही नव्हतं. तिच्यानंतर आणखी सात जण आले, बहुतेक खेड्यांतले, बाक भरला. एक म्हातारा म्हणाला की लग्नाच्या पंगतीतही इतकं बसावं लागत नाही, आणि तिथं निदान बुंदी तरी भेटते. सगळे हसले. बाईही हसली.

एकला टंचवाला आला. ताईनं वही उघडून नंबर पुकारायला सुरुवात केली. पहिला, दुसरा, तिसरा. माणसं बाहेरून येत होती आणि सरळ आत जात होती. बाकावरचं कोणी उठलं नाही, कारण बाकावरच्या कोणाचंच नाव वहीत नव्हतं. बाई दोनदा उभी राहिली, दोनदा बसली. पावणेदोनला वहीतले नंबर संपले आणि बाकाची पाळी आली. तेव्हा ज्याला ज्याला पुढं सरकता आलं तो सरकला. बाई बाकाच्या आतल्या टोकाला होती, सगळ्यांत आधी आली म्हणून. तिच्यापुढं तिघं असताना दोन वाजले.

शेठ उठला आणि म्हणाला की आता घट धरूनच होईल. शांतपणे म्हणाला, हेही सांगायला हवं. मी काउंटरमागं जाऊन हळू आवाजात बोललो, की ही साडेदहापासून बसली आहे. त्यानं माझ्याकडे मोबाइल सरकवला. ‘गेली ती गेली. तूच लिहिलं न बाप्पा?’

बाईनं ते ऐकलं. तिनं रुमाल बांधला, कमरेला खोचला आणि ताईला विचारलं, हे कोणी लिहिलं. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी.

‘तुमी लिहिलं, सकाळी या. म्या सकाळी आली.’

मी म्हटलं, मावशी, चूक झाली.

‘सकाळी येणाऱ्याचं कामच नव्हतं, तं बोलावलं कायले? म्या एकलाच आली असती. अर्धा दिस कापूस तरी वेचला असता.’

मग तिनं मला जरा निरखून पाहिलं आणि विचारलं, ‘तू कधी कोठी बसून राह्यला नाहीस का बापू?’

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी पाण्याचा पेला पुढं केला. पाणी पिऊन ती निघाली, कारण सौंसरची गाडी गाठायची होती आणि तिथून गावाकडची गाडी तिच्यासाठी थांबणार नव्हती.

मग मी शेठशी भांडलो. अर्धा तास. पत्रकातले सगळे शब्द वापरले. तो ऐकत राहिला आणि मध्ये एकदा त्यानं जांभई दिली. शेवटी ताईनं मिटवलं. ती म्हणाली, ‘शेठजी, बाकावर राहिलेले चार लोक घरी जाऊन काय सांगतीन, याचा इचार करा.’ सोनं नेणारा माणूस दुसऱ्या दिवशीही नागपूरला जाणारच होता. शेठनं बुधवारची दुपार दिली आणि मंगळवारी बाकावर राहिलेल्यांना पहिले नंबर द्यायलाही तयार झाला.

दुसरा मेसेज मी ताईला विचारून विचारून लिहिला. ‘जुन्या सोन्यावर घट न धरता नवा दागिना. उद्या, बुधवारी, दुपारी एक ते दोन. टंच काढणारे एकला येतात, त्याआधी येऊन बसू नका. आज संध्याकाळी सातपर्यंत फोन करून नंबर घ्या. नंबरासोबत तुमची यायची वेळ सांगू. बारा नंबर झाले की बंद, कारण तासाभरात तेवढंच तपासून होतं. दागिना, असेल तर पावती, आणि ओळखपत्र आणा. काल नंबर न लागलेल्यांना पहिला मान. मेसेज नको असतील तर फक्त ‘नको’ लिहा.’ ‘काल’ची चूक ताईनं पकडली, तिथं ‘मंगळवारी’ केलं. एकही उद्गारचिन्ह नव्हतं. शेठ म्हणाला, यात जोर नाही.

दोन तासांत नंबर भरले. बुधवारी बाकावर एका वेळी दोनतीन जणांपेक्षा जास्त कोणी बसलं नाही. अडीचच्या आत सगळं आटोपलं. बाकावर राहिलेल्या चौघांपैकी तिघं आले, म्हातारा त्यांत होता.

ती आली नाही. येणार कशी? ती आमच्या यादीत नव्हती. नंबर दिला नव्हता म्हणून तिचं नाव कुठं नव्हतं, फोन कुठं नव्हता. भाचीचं सासरचं आडनावही कोणी विचारलं नव्हतं. भाचीला दुसरा मेसेज गेला असेलच. मंगळवारी दमून परत आलेल्या मावशीला तिनं तो पुढं पाठवायचं धाडस केलं नसेल, किंवा पाठवला असेल आणि बाईनं वाचून फोन ठेवून दिला असेल. मीही तेच केलं असतं. डोरलं झालं की नाही, मला माहीत नाही.

शेठचं काम मी दिवाळीनंतर सोडलं नाही. अजून करतो. थकून करतो, पण प्रत्येक मेसेज आधी ताईला वाचून दाखवतो.

आता तुम्हाला सांगतो. तुमच्या मोबाइलवर कोण्या दुकानाचा ‘आजच या’ असा मेसेज आला आणि तो तुम्ही खेड्यातल्या तुमच्या माणसाला पाठवणार असाल, तर आधी त्या दुकानाला फोन लावा. विचारा: टंच किती वाजता काढता, नंबर कोणाकडे लावायचा, किती जणांचं होतं. त्या माणसाचा नंबर त्याच फोनवर, तुमच्या तोंडानं लावून घ्या. नंबर लागला नाही तर तो मेसेज पुढं पाठवू नका.