पिवळ्या सोयाबीनचा प्रश्न

लातुरात मी एका शेतीविषयक वेबसाइटसाठी प्रश्नोत्तरं लिहायचे. शेतकरी टाइप न करता फोनलाच तोंडी प्रश्न विचारतात आणि फोन तेच शब्द असलेलं पान शोधतो, म्हणून मी बोलीतच लिहिलं, "सोयाबीन पिवळं का पडायलंय?" खाली उत्तर दिलं, "शेतात पाणी साचलं असेल. आधी चर काढून पाणी बाहेर काढा."

संपादक भडकले. "ही काय भाषा? 'सोयाबीनवरील पीतपर्णता' असं लिहा."

"सर, असं कोण विचारतं? मी बदलणार न्हाई."

मी तिथूनच रेणापूरच्या मावशीला स्पीकरवर फोन लावला. "पीक पिवळं पडलं तर फोनला काय विचारशील?"

"सोयाबीन पिवळं का पडायलंय, आसंच की!"

"बरं, तसंच जाऊ द्या," सर म्हणाले. पान माझ्याच शब्दांत गेलं. महिन्याभरानं मावशीनं फोनला तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्यानं माझंच उत्तर वाचून दाखवलं.